भागाकार कुठे करायचा?

जून २०१७ मध्ये गूगलशी संबंधित आठ संशोधकांनी ‘अटेन्शन इज ऑल यू नीड’ हा शोधनिबंध प्रसिद्ध केला. या आठ जणांत पुण्यात अभियांत्रिकी शिकलेल्या निकी परमारही होत्या. भाषेची आजची जवळपास सगळी मोठी मॉडेल्स ज्या रचनेवर उभी आहेत, ती ट्रान्सफॉर्मरची रचना जगापुढे आली ती या निबंधातून. त्यात प्रशिक्षणाबद्दल एक छोटी सूचना आहे. मॉडेल शिकताना प्रत्येक पायरीला किती मोठे पाऊल टाकते, त्याला लर्निंग रेट म्हणतात. पहिल्या ४००० पायऱ्यांत हे पाऊल अगदी बारीक ठेवून हळूहळू वाढवायचे आणि नंतर पुन्हा कमी करत न्यायचे, अशी ती सूचना. या सुरुवातीच्या सावधपणाला वॉर्मअप म्हणतात.

तो कशासाठी लागतो, याचे स्पष्टीकरण निबंधात नव्हते. मात्र वॉर्मअप गाळून पाहणाऱ्यांना त्याची किंमत लगेच कळायची, कारण मॉडेल शिकतच नसे. पुढे थर वाढवायला गेल्यावर वॉर्मअपही पुरेनासा झाला. २०१९ मध्ये चीनमधील संशोधकांच्या एका गटाने भाषांतराच्या मॉडेलमध्ये मूळच्या ६ थरांऐवजी २० थर रचून पाहिले. मूळ मांडणीतले २० थरांचे मॉडेल शिकलेच नाही. तेवढेच थर, तीच गणिते, फक्त एका क्रियेची जागा बदलली आणि मॉडेल व्यवस्थित शिकले. ती क्रिया साध्या भागाकाराची आहे.

आधी हा भागाकार काय आहे ते पाहू. ट्रान्सफॉर्मरमध्ये प्रत्येक शब्द, खरे तर शब्दाचा तुकडा, आकड्यांच्या एका लांब यादीने दाखवला जातो. २०१७ च्या मूळ मॉडेलमध्ये या यादीत ५१२ आकडे होते; मेटाच्या २०२३ मधल्या लामा मॉडेलच्या सर्वांत लहान आवृत्तीत ४०९६ आहेत. ही यादी एकामागून एक थरांतून जाते. साधारणपणे प्रत्येक थरात दोन भाग असतात. पहिला भाग, म्हणजे अटेन्शन, इतर शब्दांकडून माहिती गोळा करतो. दुसरा भाग त्या शब्दापुरते स्वतंत्र गणित करतो. दोन्ही भाग आलेली यादी पुसून नवी लिहीत नाहीत. ते आपला निष्कर्ष काढतात आणि आलेल्या यादीत मिळवतात. ही मिळवण्याची युक्ती २०१५ मध्ये कायमिंग हे आणि सहकाऱ्यांनी चित्रे ओळखणाऱ्या रेझनेट या जाळ्यासाठी आणली होती. तिच्यामुळेच शंभराहून अधिक थरांची जाळी शिकवता येऊ लागली.

मिळवत राहिले की आकडे फुगत जातात. म्हणून अधूनमधून त्यांना ठरावीक मापात आणावे लागते. या क्रियेचे नाव नॉर्म. २०१६ मध्ये जिमी बा, जेमी किरॉस आणि जेफ्री हिंटन यांनी सुचवलेल्या लेअरनॉर्ममध्ये यादीची सरासरी काढून ती प्रत्येक आकड्यातून वजा करतात आणि उरलेल्या आकड्यांना त्यांच्या पसाऱ्याने भागतात. समजा, यादीत २, ४, ४, ८ असे चारच आकडे आहेत. सरासरी ४.५. ती वजा केल्यावर उणे २.५, उणे ०.५, उणे ०.५ आणि ३.५ उरतात. त्यांचा पसारा सुमारे २.१८ येतो. त्याने भागले की साधारण उणे १.१५, उणे ०.२३, उणे ०.२३ आणि १.६१ मिळतात.

२०१९ मध्ये एडिंबरा विद्यापीठातील बियाओ झांग आणि रिको सेनरिश यांनी एक नेमका प्रश्न विचारला: या वजाबाकीची खरोखर गरज आहे का? त्यांच्या आरएमएसनॉर्ममध्ये वजाबाकीच नाही. आकड्यांचे वर्ग करायचे, त्या वर्गांची सरासरी घ्यायची, तिचे वर्गमूळ काढायचे आणि त्याने भागायचे. आपल्या उदाहरणात वर्ग ४, १६, १६ आणि ६४. बेरीज १००, सरासरी २५, वर्गमूळ ५. भागल्यावर ०.४, ०.८, ०.८ आणि १.६. मूळ यादी हजारपट मोठी असती, तरी उत्तर हेच आले असते. नॉर्मचे मुख्य काम हेच आहे: यादी केवढीही होऊन आली तरी पुढच्या गणिताला ती एकाच मापात मिळावी. कोडमध्ये हे सगळे दोन ओळींत मावते:

```python
def rmsnorm(x, g, eps=1e-6):
    return g * x / (x.pow(2).mean(-1, keepdim=True) + eps).sqrt()
```

यातला `g` म्हणजे मॉडेलने स्वतः शिकलेले गुणक, प्रत्येक आकड्यासाठी एक. `eps` हा इवलासा आकडा शून्याने भागण्याची वेळ येऊ नये म्हणून असतो. झांग आणि सेनरिश यांनी वेगवेगळ्या मॉडेलांवर मोजले, तेव्हा दर्जा लेअरनॉर्मइतकाच राहिला आणि वेळ ७ ते ६४ टक्क्यांनी वाचला. गूगलच्या टी-फाइव्हने हीच सरळ केलेली पद्धत घेतली, पुढे लामानेही घेतली, आणि आज खुल्या मॉडेलांत ती जवळपास सर्वत्र दिसते.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. लामामध्ये आरएमएसनॉर्म आहे आणि लामाचे ८० थर नीट शिकतात, म्हणून स्थैर्य आरएमएसनॉर्ममुळे येते, असे बरेच जण धरून चालतात. तसे नाही. आरएमएसनॉर्मने वेळ आणि हिशेब वाचतो. खोल रचना टिकेल की कोसळेल, हे मुख्यतः तो भागाकार कुठे केला यावर ठरते. जागा दोन आहेत. मूळ निबंधातली जागा अशी:

```python
x = norm(x + f(x))
```

इथे `x` ही आलेली यादी आणि `f` हा थरातला एक भाग. आधी निष्कर्ष मिळवला आणि मग सगळ्याच्या सगळ्याला भागले. भागाकार शेवटी होतो, म्हणून हा पोस्ट-नॉर्म. दुसरी जागा:

```python
x = x + f(norm(x))
```

इथे भागाकार फक्त `f` कडे जाणाऱ्या प्रतीवर होतो. मूळ यादीला कोणी हात लावत नाही. तिच्यात भर पडत जाते. हा प्री-नॉर्म.

सरकारी कचेरीतली फाइल डोळ्यांसमोर आणा. ती टेबलावरून टेबलावर जाते आणि प्रत्येक जण तिच्यावर शेरा लिहितो. पोस्ट-नॉर्मचा नियम असा, की शेरा लिहिल्यावर सगळी फाइल नव्याने एका पानात बसवून पुढे पाठवायची. नव्या शेऱ्याला अर्धे पान मिळते, आणि आधीचे सगळे उरलेल्या अर्ध्यात कोंबले जाते. प्री-नॉर्ममध्ये प्रत्येक जण स्वतःपुरता एका पानाचा गोषवारा काढतो, तो वाचून शेरा लिहितो आणि शेरा फाइलला जोडतो. मूळ कागद जसेच्या तसे राहतात आणि फाइल जाड होत जाते.

आता हेच आकड्यांत पाहू. प्रशिक्षणाच्या पहिल्या क्षणी मॉडेलमधले सगळे आकडे यादृच्छिक असतात. त्यामुळे `f` चा निष्कर्ष आणि आलेली यादी यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. हजारो आकड्यांच्या दोन असंबंधित याद्या भूमितीच्या भाषेत जवळजवळ काटकोनात असतात. म्हणून त्यांची बेरीज शाळेत शिकलेल्या पायथागोरसच्या नियमाने करता येते. दोघींचे माप १ धरले, तर बेरजेचे माप २ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे १.४१. पोस्ट-नॉर्म लगेच त्याने भागतो. जुन्या यादीचे माप ०.७१ उरते, वर्गाच्या हिशेबात बरोबर अर्धे. पुढच्या भागानंतर त्याच्याही अर्धे.

मूळ मॉडेलच्या एका बाजूला ६ थर होते, म्हणजे १२ भाग. इतक्या भागांतून गेल्यावर सुरुवातीच्या यादीचे माप एक-चौसष्टांश उरते. हे चालण्यासारखे आहे. ४८ थर घेतले तर ९६ भाग होतात. मग तेच माप २८१ लाख कोटींत एक इतके उरते. प्रशिक्षणात चुकीचा निरोप शेवटच्या थराकडून पहिल्या थराकडे उलटा प्रवास करतो, आणि जाताना जो भागाकार झाला तो परतीच्या वाटेवरही निरोपाला लागू होतो. याचा अर्थ, ज्या सरळ वाटेसाठी रेझनेटची बेरीज आणली होती, ती सरळ वाट पोस्ट-नॉर्म स्वतःच्या हातानेच अरुंद करत नेतो. निरोप मग थरांच्या आतल्या वळणावळणाच्या गणितांतून पोचतो, आणि ती गणिते सुरुवातीला यादृच्छिक असतात.

पण तेवढेच कारण नव्हते. २०२० मध्ये लियुआन लिउ आणि सहकाऱ्यांनी दाखवले, की निरोप विरून जाणे हे अपयशाचे मूळ नाही. तो नीट पोचवण्याची सोय केली तरी प्रशिक्षण कोसळू शकते. त्यांनी हिशेब दुसऱ्या बाजूने मांडला. प्रशिक्षणाच्या प्रत्येक पायरीला सगळ्या थरांतले आकडे एकाच वेळी थोडे थोडे सरकतात. या सरकण्याने शेवटच्या उत्तराला किती हिसका बसतो? प्रत्येक भागाचा हिसका त्या क्षणी यादीत त्या भागाचा जेवढा वाटा असतो, तेवढा बसतो. पोस्ट-नॉर्ममध्ये वर्गाच्या हिशेबाने प्रत्येक भागाचा वाटा अर्धा. १२ भागांचे एकूण ६ झाले आणि ९६ भागांचे ४८. थर जितके वाढवाल, त्याच प्रमाणात हिसका वाढेल.

प्री-नॉर्ममध्ये यादीला भागले जात नाही, ती वाढत जाते. पहिल्या भागाचा वाटा एक-द्वितीयांश, दुसऱ्याचा एक-तृतीयांश, तिसऱ्याचा एक-चतुर्थांश, आणि शेवटच्या ९६ व्या भागाचा एक-सत्त्याण्णवांश. ही बेरीज फार सावकाश वाढते. १२ भागांसाठी ती २ च्या थोडी वर आहे आणि ९६ भागांसाठी ४ च्या थोडी वर. ६ थरांवर फरक ६ आणि २ असा होता, ४८ थरांवर तो ४८ आणि ४ असा झाला. उथळ मॉडेलमध्ये दोन्ही पद्धती चालायच्या आणि खोल मॉडेलमध्ये एकच का तगायची, याचे या विषयात मला सापडलेले सर्वांत समाधानकारक उत्तर हे आहे. संपूर्ण प्रकरणातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली, तर ही बेरीज ठेवावी.

वॉर्मअपचे कोडेही इथेच सुटते. २०२० मध्येच रुईबिन शिआँग आणि सहकाऱ्यांनी सिद्ध केले, की पोस्ट-नॉर्ममध्ये सुरुवातीच्या क्षणी शेवटच्या थरांकडे येणारा बदलाचा निरोप फार जोरकस असतो आणि थर वाढले तरी तो सौम्य होत नाही. त्यात पाऊलही मोठे टाकले तर वरचे थर पहिल्या काही पायऱ्यांतच भरकटतात. म्हणून सुरुवातीला पाऊल बारीक ठेवावे लागते. प्री-नॉर्ममध्ये हा जोर थरांच्या संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात आपोआप उतरतो. त्यांच्या प्रयोगांत प्री-नॉर्मची मॉडेल्स वॉर्मअपशिवायही शिकली. ट्रान्सफॉर्मरच्या मूळ गटाच्या `tensor2tensor` या सार्वजनिक कोडमध्ये नंतर भागाकाराची जागा बदललेली होती, तरी निबंधातली आकृती जुनीच राहिली. २०१९ मध्ये ओपनएआयने जीपीटी-२ काढताना प्री-नॉर्म घेतला आणि ४८ थरांपर्यंत मजल मारली. त्याआधीचे बर्ट आणि पहिले जीपीटी दोन्ही पोस्ट-नॉर्मवर होते; बर्टच्या मोठ्या आवृत्तीत २४ थर होते.

जीपीटी-२ मध्ये आणखी एक नॉर्म सगळ्यात शेवटी लावला होता, आणि त्याचे कारण आपल्या हिशेबातच आहे. प्री-नॉर्ममध्ये ९६ भागांनंतर यादीचे माप ९७ चे वर्गमूळ, म्हणजे सुमारे ९.८ झालेले असते. ती तशीच शब्द निवडणाऱ्या शेवटच्या गणिताकडे सोपवली, तर मॉडेल अजून काही शिकले नसतानाही भलत्याच शब्दांबद्दल ठाम खात्रीने बोलू लागते. हे ओळखता येते. ३२ हजार शब्द-तुकड्यांचा संग्रह असलेले नवे मॉडेल निव्वळ अंदाज करत असेल, तर त्याची सुरुवातीची चूक, ज्याला लॉस म्हणतात, १०.४ च्या आसपास असायला हवी. ३२ हजारचा नैसर्गिक लॉगरिदम तेवढा येतो. पहिल्याच पायरीला आकडा याच्या कितीतरी वर दिसला, तर शेवटचा नॉर्म राहून गेला आहे का ते आधी तपासावे. पोस्ट-नॉर्म कोसळतो तेव्हा चिन्ह वेगळे असते. लॉस थोडा उतरतो आणि मग एका पातळीवर अडकून बसतो. तेवढ्यात मॉडेल कोणते शब्द भाषेत जास्त वेळा येतात इतकेच शिकलेले असते, आणि मागचा मजकूर काहीही असो, पुढे तेच ते सरावाचे शब्द सुचवते.

प्री-नॉर्मची किंमतही त्याच्या बेरजेतच लपलेली आहे. शेवटच्या भागाचा वाटा एक-सत्त्याण्णवांश असेल, तर तो भाग काम तरी किती करणार? जाड फाइलला शेवटी जोडलेल्या चिठ्ठीने निर्णय क्वचितच बदलतो. ही भीती प्रत्यक्षात उतरली. २०२४ मध्ये आंद्रे ग्रोमोव आणि सहकाऱ्यांनी लामा-२ सारख्या मॉडेलांचे खोलवरचे थर चक्क काढून टाकले आणि थोडी डागडुजी केली. सर्वांत मोठ्या मॉडेलमध्ये जवळपास अर्धे थर जाईपर्यंत प्रश्नोत्तरांच्या चाचण्यांतले गुण फारसे घसरले नाहीत. ते थर शिकवायला वीज, वेळ आणि पैसा पूर्ण लागला होता. उलट पोस्ट-नॉर्म एकदा का नीट शिकला, की भाषांतरासारख्या कामांत तो बऱ्याचदा प्री-नॉर्मपेक्षा सरस ठरतो, हे लिउ यांच्या निबंधातही नोंदले आहे. म्हणून प्री-नॉर्म जिंकला असे सरसकट म्हणणे मला पटत नाही. त्याने खोली मिळवून दिली, आणि त्या खोलीचा काही भाग वायाही घालवला.

मधल्या वाटा शोधण्याचे काम त्यामुळेच सुरू राहिले. २०२२ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी डीपनेट मांडले. त्यात भागाकार पोस्ट-नॉर्मच्याच जागी राहतो, पण मिळवणी करण्यापूर्वी जुन्या यादीला एका गुणकाने मोठे करतात. अशा एका रचनेत ४८ थरांसाठी हा गुणक ३.१३ येतो. मग प्रत्येक नव्या भागाचा वाटा अर्ध्यावरून सुमारे एक-अकरांशावर येतो आणि आपली ४८ ची बेरीज ९ च्या आत उतरते. शिवाय `f` मधले सुरुवातीचे आकडेही लहान ठेवतात, म्हणून हिसका आणखी कमी होतो. या पद्धतीने त्यांनी हजार थरांचा ट्रान्सफॉर्मर शिकवून दाखवला.

भागाकाराची जागा नीट निवडली तरी सगळी संकटे टळत नाहीत, हेही सांगायला हवे. गूगलचे ५४० अब्ज पॅरामीटरचे पाम हे मॉडेल २०२२ मध्ये शिकवताना सुमारे वीस वेळा लॉसने अचानक उसळी घेतली. दर वेळी उसळीच्या साधारण १०० पायऱ्या मागे जाऊन, मधल्या २०० ते ५०० तुकड्यांचा मजकूर वगळून त्यांना पुढे जावे लागले. तोच मजकूर वेगळ्या टप्प्यावर दिला, तर उसळी येत नसे. म्हणजे दोष एकट्या मजकुराचा नव्हता. मॉडेलची त्या क्षणीची स्थिती आणि मजकूर यांची गाठ पडली की घात व्हायचा. अटेन्शनमधले आकडे बेसुमार वाढणे हा अशा अस्थैर्याचा आणखी एक ओळखीचा मार्ग. त्यावर उपाय म्हणून आता अनेक मॉडेलांत अटेन्शनच्या आतही वेगळा नॉर्म लावतात.

२०२४ मधल्या काही रचनांत भागाकार पुन्हा सरकला. गूगलच्या जेमा-२ मध्ये `f` च्या आधी आणि नंतर असे दोन्हीकडे आरएमएसनॉर्म आहेत. ॲलन इन्स्टिट्यूटच्या ओल्मो-२ मध्ये तो फक्त `f` नंतर आहे, पण बेरजेच्या आधी:

```python
x = x + norm(f(x))
```

दिसायला हा पोस्ट-नॉर्मकडे परत जाण्यासारखा वाटतो. तसे नाही, कारण मूळ `x` ला इथेही कोणी भागत नाही. मोजूनमापून आत येते ती फक्त नवी भर. २०१७ पासून खोल मॉडेलांत टिकलेल्या मांडण्या शेजारी शेजारी ठेवल्या, तर बहुतेक सगळ्यांत हे एक साम्य दिसते, आणि डीपनेटसारखा अपवादही जुन्या यादीला आधी मोठे करूनच भागाकार सोसतो. एखाद्या नव्या मॉडेलची रचना वाचायला घ्याल, तेव्हा नॉर्मचे नाव नंतर पाहा. आधी `x` वरून बोट फिरवत शेवटपर्यंत जा आणि वाटेत त्याला कुठे भागले आहे ते शोधा.